गुणतक्त्यामागचे सामने: बाद आणि साखळी स्पर्धांची कोडी कशी सोडवावीत

स्पर्धांवरच्या कोड्यांमध्ये साधारणपणे दोन प्रकारचे प्रश्न विचारले जातात. पहिल्या प्रकारात संघांची संख्या आणि स्पर्धेची पद्धत दिलेली असते आणि एकूण सामने किती होतील हे काढायचे असते. दुसऱ्या प्रकारात अर्धवट किंवा पूर्ण गुणतक्ता समोर ठेवून कोण कोणाशी खेळले, कोण जिंकले आणि शक्य असल्यास किती गोलांनी जिंकले, हे शोधायचे असते. पहिला प्रकार नीट समजला की दुसऱ्याची निम्मी तयारी होते, म्हणून या लेखात आधी मोजणी घेतली आहे आणि मग स्पेनमध्ये १९८२ साली झालेल्या फुटबॉल विश्वचषकातील दोन गटांचे तक्ते सविस्तर उलगडले आहेत. हे तक्ते खरे असल्यामुळे आपण काढलेले उत्तर प्रत्यक्ष निकालांशी ताडून पाहता येते.

बाद पद्धत: सामने मोजण्याऐवजी हरणारे मोजा

बाद पद्धतीत हरलेला खेळाडू किंवा संघ स्पर्धेबाहेर जातो. विम्बल्डनच्या एकेरीच्या मुख्य फेरीत १२८ खेळाडू असतात. नवशिका वाचक येथे ६४, ३२, १६, ८, ४, २ आणि १ अशा सात फेऱ्यांची बेरीज करतो आणि १२७ या उत्तरापर्यंत पोहोचतो. हे उत्तर बरोबरच आहे, पण ते मिळवण्याची सोपी वाट वेगळी आहे. प्रत्येक सामन्यात नेमका एक खेळाडू बाद होतो आणि शेवटी एकच अपराजित उरतो, म्हणजे १२७ खेळाडू बाद व्हावे लागतात आणि त्यासाठी १२७ सामने लागतात. संघ कितीही असले तरी सामन्यांची संख्या संघांच्या संख्येपेक्षा एकने कमी असते.

या विचाराचा खरा फायदा संघांची संख्या २, ४, ८, १६, ३२ अशा मालिकेत बसत नाही तेव्हा दिसतो. समजा, कबड्डीच्या स्पर्धेत ३७ संघांनी नावे दिली. सामने ३६ होणार, हे भाग्यपत्रिका न काढताच सांगता येते. फेऱ्या आणि पुढे चाल, म्हणजे न खेळताच पुढच्या फेरीत मिळणारा प्रवेश, मात्र वेगळ्या काढाव्या लागतात. ३७ पेक्षा मोठी आणि मालिकेत बसणारी लगतची संख्या ६४ आहे. ६४ मधून ३७ वजा केले की २७ उरतात, म्हणून २७ संघांना पहिल्या फेरीत पुढे चाल मिळते. उरलेले १० संघ पहिल्या फेरीत ५ सामने खेळतात, त्यांतील ५ विजेते आणि पुढे चाल मिळालेले २७ मिळून दुसऱ्या फेरीत बरोबर ३२ संघ येतात आणि तेथून ३१ सामन्यांत विजेता ठरतो. ५ आणि ३१ मिळून पुन्हा ३६ होतात. एखाद्या आयोजकाने सगळ्या पुढे चाली पहिल्या फेरीत न देता प्रत्येक फेरीत उरलेल्या एकट्या संघाला पुढे चाल दिली, तर फेऱ्यांमध्ये १८, ९, ५, २, १ आणि १ असे सामने होतात आणि बेरीज तीच येते. पुढे चाल कशीही वाटली तरी हरणाऱ्यांची संख्या बदलत नाही, म्हणून बेरीजही बदलत नाही.

एकने कमी करण्याचा नियम पाठ करून थांबणाऱ्याची फसगत पुढच्या प्रकारच्या कोड्यांत होते. २०२२ च्या कतार विश्वचषकात बाद फेरीत १६ संघ होते, पण तेथे सामने १५ नव्हे तर १६ झाले, कारण तिसऱ्या क्रमांकासाठी क्रोएशिया आणि मोरोक्को यांच्यात झालेल्या लढतीने कोणीही बाद झाले नाही. ते दोन्ही संघ उपांत्य फेरीतच विजेतेपदाच्या शर्यतीतून बाहेर पडले होते. आयपीएलच्या प्ले-ऑफमध्ये चार संघांचे चार सामने होतात, तेही याच कारणाने. पहिल्या आणि दुसऱ्या क्रमांकाच्या संघांतील सामन्यात हरणाऱ्याला आणखी एक संधी मिळते, म्हणजे त्या सामन्यात कोणीच बाद होत नाही. बाद होणारे तीन, कोणालाही बाद न करणारा सामना एक, मिळून चार. त्यामुळे नवी पद्धत समोर आली की सूत्र आठवण्याआधी एकच प्रश्न विचारावा: असा कोणता सामना आहे का, ज्यात हरूनही संघ स्पर्धेत राहतो किंवा हरण्याआधीच तो बाद झालेला असतो?

बाद पद्धतीत कोण कोणाशी खेळले हे शोधताना प्रत्येकाच्या विजयांची संख्या हाच मुख्य धागा असतो. कोणाला पुढे चाल मिळालेली नसेल, तर दोन विजय मिळवून हरलेला खेळाडू तिसऱ्याच फेरीत हरलेला असणार. आठ मल्लांच्या स्पर्धेत क ने तीन, ख ने दोन आणि ग व घ यांनी प्रत्येकी एक कुस्ती जिंकली, बाकीचे चौघे एकही जिंकले नाहीत, एवढे कळले तर अंतिम लढत क आणि ख यांच्यात झाली आणि ग व घ उपांत्य फेरीत हरले, हे निश्चित होते. ग ला ख ने हरवले असे आणखी कळले, तर घ ला क नेच हरवले असले पाहिजे. मात्र पहिल्या फेरीतील जोड्या एवढ्या माहितीवरून कळत नाहीत, आणि त्या विचारल्या असतील तर कोड्यात आणखी एखादा धागा दडलेला आहे असे समजून तो शोधावा.

साखळी पद्धत: प्रत्येक सामना दोनदा मोजला जातो

साखळी पद्धतीत प्रत्येक संघ इतर प्रत्येकाशी एकदा खेळतो. दहा संघांपैकी प्रत्येकाचे नऊ सामने होतात, पण ९० हे एकूण सामन्यांचे उत्तर नाही, कारण भारत विरुद्ध इंग्लंड हा सामना भारताच्या नऊमध्येही आला आहे आणि इंग्लंडच्या नऊमध्येही. म्हणून ९० चे निम्मे करून ४५ सामने येतात. २०१९ आणि २०२३ च्या एकदिवसीय क्रिकेट विश्वचषकांचे वेळापत्रक असेच होते: साखळीचे ४५, दोन उपांत्य आणि एक अंतिम, मिळून ४८. संघांची संख्या न असेल तर सूत्र असे लिहितात:

न × (न − १) ÷ २

मला मात्र या सूत्रापेक्षा त्यामागचे विधान अधिक उपयोगी वाटते, कारण ते अपुऱ्या साखळीलाही लागू पडते: सर्व संघांनी खेळलेल्या सामन्यांची बेरीज ही एकूण सामन्यांच्या बरोबर दुप्पट असते. २०२२ पासून आयपीएलमध्ये दहा संघ आहेत आणि साखळीत प्रत्येकाचे १४ सामने असतात. काही प्रतिस्पर्ध्यांशी दोनदा, काहींशी एकदाच. येथे वरचे सूत्र चालत नाही, पण १० गुणिले १४ म्हणजे १४० आणि त्याचे निम्मे ७० हे उत्तर लगेच मिळते. याच विधानाचा दुसरा उपयोग म्हणजे अशक्य माहिती ओळखणे. नऊ संघांपैकी प्रत्येकाने आतापर्यंत पाच सामने खेळले, असे कोणी सांगितले तर बेरीज ४५ येते. ती विषम असल्यामुळे तिचे निम्मे होत नाही आणि असे घडूच शकत नाही.

मिश्र पद्धतीच्या स्पर्धेचे टप्पे वेगळे करून मोजावेत. १९८२ च्या विश्वचषकात २४ संघ होते. पहिल्या टप्प्यात चार-चार संघांचे सहा गट होते. चार संघांच्या साखळीत सहा सामने होतात, म्हणून ३६. दुसऱ्या टप्प्यात १२ संघांचे तीन-तीनचे चार गट पाडले गेले. तीन संघांच्या साखळीत तीन सामने होतात, म्हणून १२. त्यानंतर दोन उपांत्य सामने, तिसऱ्या क्रमांकाचा एक आणि अंतिम एक, असे चार. सगळे मिळून ५२ सामने झाले.

कोण कोणाशी खेळले: टोकापासून सुरुवात करा

स्पर्धा अर्धवट असताना प्रत्येक संघाने किती सामने खेळले एवढेच दिलेले असेल, तर संघांची नावे ओळींत आणि तीच नावे स्तंभांत लिहून एक चौकट आखावी. जोडी खेळली असेल तर बरोबरची खूण आणि खेळली नसेल तर फुलीची खूण करावी, आणि एका जोडीची खूण चौकटीत दोन ठिकाणी येते हे विसरू नये. बहुतेकांची गफलत नेमकी येथे होते: क च्या ओळीत ख पुढे खूण होते, पण ख च्या ओळीत क पुढे ती करायची राहते आणि पुढचे सगळे अनुमान बिघडते.

समजा, सहा संघांची एकेरी साखळी चालू आहे. क ने पाच, ख ने चार, ग ने तीन, घ ने दोन आणि च ने एक सामना खेळला आहे. छ ने किती सामने खेळले आणि कोणाशी? सुरुवात नेहमी टोकाच्या आकड्यांपासून करावी, कारण तेथे पर्याय उरत नाहीत. क चे पाचही सामने झाले आहेत, म्हणजे तो प्रत्येकाशी खेळला आहे. च चा एकच सामना झाला आहे आणि तो क शी झालेला आहे, म्हणून च च्या ओळीत बाकी सगळीकडे फुल्या येतात. आता ख ला चार प्रतिस्पर्धी हवेत आणि च उपलब्ध नाही, म्हणून तो क, ग, घ आणि छ यांच्याशी खेळला. घ चे दोन सामने क आणि ख यांच्याशी पूर्ण झाले, त्याची ओळ बंद झाली. ग ला तिसरा प्रतिस्पर्धी हवा आणि घ व च दोघेही बंद झाल्यामुळे तो छ च असू शकतो. म्हणून छ चे सामने क, ख आणि ग यांच्याशी झाले, एकूण तीन. पडताळणीसाठी ५, ४, ३, २, १ आणि ३ यांची बेरीज करावी. ती १८ येते आणि चौकटीत नऊ जोड्यांवर खुणा आहेत, म्हणजे उत्तर जुळते.

प्रत्येक वेळी पूर्ण उत्तर मिळेलच असे नाही, आणि कोठे थांबायचे हे कळणे हाही या कोड्यांचाच भाग आहे. १९८२ च्या पहिल्या गटात इटली, पोलंड, कॅमेरून आणि पेरू हे संघ होते. पहिले तीन सामने झाले तेव्हा इटली आणि पेरू यांच्या नावावर प्रत्येकी दोन बरोबरी आणि १–१ असे गोल होते, तर पोलंड आणि कॅमेरून यांची प्रत्येकी एक बरोबरी झाली होती आणि त्यांच्या सामन्यांत एकही गोल झाला नव्हता. इटली आणि पेरू एकमेकांशी खेळले नव्हते असे मानले, तर दोघांनाही पोलंड आणि कॅमेरून या दोघांशी खेळावे लागले असते आणि पोलंडचे दोन सामने झाले असते. तसे झालेले नाही. म्हणून इटली–पेरू सामना झालेला आहे, आणि उरलेल्या दोघांच्या सामन्यांत गोलच नसल्यामुळे तो १–१ असाच सुटलेला आहे. आता इटलीचा दुसरा सामना पोलंडशी झाला की कॅमेरूनशी? तक्त्यात पोलंड आणि कॅमेरून यांच्या ओळी हुबेहूब सारख्या आहेत. त्यांची नावे अदलाबदल केली तरी तक्ता बदलत नाही, म्हणून हे तक्त्यावरून कधीच ठरणार नाही. अशी अदलाबदल शक्य आहे का, हे आधी पाहिले तर निष्फळ शोधात वेळ जात नाही. प्रत्यक्षात इटली पोलंडशी आणि पेरू कॅमेरूनशी खेळला होता.

पूर्ण तक्त्यावरून निकाल काढणे

त्याच गटाचे सहाही सामने संपल्यानंतरचा तक्ता असा होता:

| संघ | विजय | बरोबरी | पराभव | केलेले गोल | स्वीकारलेले गोल |
|---|---|---|---|---|---|
| पोलंड | १ | २ | ० | ५ | १ |
| इटली | ० | ३ | ० | २ | २ |
| कॅमेरून | ० | ३ | ० | १ | १ |
| पेरू | ० | २ | १ | २ | ६ |

प्रथम तक्त्याची तपासणी करावी. विजयांची बेरीज पराभवांच्या बेरजेइतकी असली पाहिजे. येथे दोन्हीकडे एक आहे. बरोबरींची बेरीज सम असली पाहिजे. ती १० आहे, म्हणजे बरोबरीचे सामने पाच. केलेल्या आणि स्वीकारलेल्या गोलांची बेरीज सारखी असली पाहिजे. दोन्हीकडे १० आहे. कोड्यात एखादी जागा रिकामी ठेवलेली असेल, तर ती बहुधा याच तीन नियमांनी भरता येते. गुणांचाही असाच उपयोग होतो. १९८२ मध्ये विजयाला दोन गुण होते, त्यामुळे प्रत्येक सामन्यात दोनच गुण वाटले जात आणि गुणांच्या बेरजेवरून बरोबरींची संख्या कळत नसे. १९९४ च्या विश्वचषकापासून विजयाला तीन गुण मिळू लागले. आता बरोबरीच्या सामन्यात एक गुण कमी वाटला जातो, म्हणून सामन्यांच्या तिपटीतून गुणांची बेरीज वजा केली की बरोबरीच्या सामन्यांची संख्या थेट मिळते.

दुसरी पायरी म्हणजे जय-पराजय. एकच सामना निकाली ठरला आहे, विजयी पोलंड आहे आणि पराभूत पेरू आहे, म्हणजे पोलंडने पेरूला हरवले आणि बाकीचे पाचही सामने बरोबरीत सुटले. तिसरी पायरी गोलांची, आणि येथे एक गोष्ट लक्षात ठेवावी: बरोबरीच्या सामन्यात संघ जितके गोल करतो तितकेच स्वीकारतो, त्यामुळे त्याचा गोलफरक पूर्णपणे निकाली सामन्यांतूनच येतो. पोलंडचा फरक चारचा आहे आणि त्याने एकूण पाचच गोल केले आहेत, म्हणून पेरूविरुद्धचा निकाल ४–० किंवा ५–१ यांपैकी एक असला पाहिजे.

निकाल ५–१ मानला तर पोलंडच्या खात्यात आणखी गोल उरत नाहीत, म्हणून त्याच्या दोन्ही बरोबरी ०–० होतात. पेरूचा एक गोल उरतो. तो कॅमेरूनविरुद्ध झाला असता तर कॅमेरूनचा एकमेव गोल त्याच सामन्यात संपला असता आणि इटलीला दोन गोल करण्यासाठी एकही सामना उरला नसता. म्हणून तो गोल इटलीविरुद्ध १–१ मध्ये झाला, पेरू–कॅमेरून ०–० सुटला आणि इटलीचा दुसरा गोल कॅमेरूनविरुद्ध १–१ मध्ये आला. सगळे जुळते.

नवशिक्यांचा हात येथे थांबतो आणि तीच मोठी चूक ठरते, कारण ४–० हा पर्याय अजून तपासलेला नाही. त्यात पोलंडची एक बरोबरी १–१ असली पाहिजे. ती इटलीविरुद्ध असेल तर इटली–पेरू आणि कॅमेरून–पेरू हे सामने १–१ आणि उरलेले दोन ०–० होतात. ती कॅमेरूनविरुद्ध असेल तर इटली–पेरू २–२ आणि बाकीच्या बरोबरी ०–० होतात. हे दोन्ही पर्यायही तक्त्याशी तंतोतंत जुळतात. थोडक्यात, कोण जिंकले हे या तक्त्यावरून निश्चित ठरते, पण गोलांची तीन वेगवेगळी उत्तरे संभवतात. इटली–पोलंड सामन्यात गोल झाला नाही, एवढी सूचना दिली तरी दोन उत्तरे उरतात. पेरूने पोलंडविरुद्ध एक गोल केला, ही सूचना दिली तर एकच उरते आणि तेच प्रत्यक्षात घडलेले आहे. स्वतः कोडे रचणाऱ्याने सूचना निवडताना सगळे पर्याय असे मांडून पाहिलेच पाहिजेत. इटली आणि कॅमेरून यांचे गुण व गोलफरक सारखे असताना केवळ एक गोल अधिक केल्यामुळे इटली पुढे गेली, आणि पुढे तिने विश्वचषकही जिंकला.

याच स्पर्धेतील दुसऱ्या टप्प्याचा तिसरा गट मात्र कोणत्याही जादा सूचनेशिवाय सुटतो. इटलीने दोन्ही सामने जिंकले, तिचे गोल ५–३. ब्राझीलचा एक विजय आणि एक पराभव, गोल ५–४. अर्जेंटिनाचे दोन्ही पराभव, गोल २–५. इटलीने दोघांना आणि ब्राझीलने अर्जेंटिनाला हरवले हे उघड आहे. गोलांसाठी एकच अज्ञात धरावे: अर्जेंटिनाने इटलीविरुद्ध किती गोल केले? शून्य केले असतील, तर इटलीने स्वीकारलेले तिन्ही गोल ब्राझीलचे ठरतात आणि अर्जेंटिनाचे दोन्ही गोल ब्राझीलविरुद्ध झालेले ठरतात. ब्राझीलने स्वीकारलेल्या चारपैकी दोन अर्जेंटिनाचे, म्हणून दोन इटलीचे. म्हणजे इटली ब्राझीलकडून २–३ ने हरली, जे विजयाच्या नोंदीशी विसंगत आहे. दोन केले असतील, तर ब्राझीलने स्वीकारलेले चारही गोल इटलीचे ठरतात, अर्जेंटिनाविरुद्ध इटलीचा एकच गोल उरतो आणि ती १–२ ने हरते, तेही अशक्य. दोनपेक्षा जास्त गोल अर्जेंटिनाच्या खात्यातच नाहीत. म्हणून तो आकडा एक, आणि त्यावरून इटली–अर्जेंटिना २–१, ब्राझील–अर्जेंटिना ३–१ आणि इटली–ब्राझील ३–२. बार्सिलोनातील सारिया मैदानावर झालेल्या तिन्ही सामन्यांचे निकाल नेमके हेच होते.